रात्री पावणेतीनला स्लाइडमध्ये रिंग दिसली, तेव्हा

गौरी जेवणाचा दिवस होता, म्हणजे पुण्यात रात्री दोन वाजताही गल्लीत कुणीतरी ढोलावर टिपरी मारत असतं. मी लॅबमध्ये एकटी. सोबत फक्त सॅम्पल आणणारे मामा, तेही खुर्चीत मान टाकून. दोन वाजून दहा मिनिटांनी कॅज्युअल्टीतून एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल झाकणाची ट्यूब आली. पस्तीस वर्षांचा पुरुष, चार दिवस ताप, अंगदुखी, उलट्या. फॉर्मवर निदानाच्या जागी लिहिलं होतं, ‘डेंग्यू?’

सप्टेंबरात पुण्यात तापाच्या फॉर्मवर वेगळं काही लिहिलेलं क्वचितच असतं. आधीच्या दिवशी बाहेरच्या एका लॅबमध्ये डेंग्यूच्या चाचणीत, एनएस-वनमध्ये, निगेटिव्ह आलं होतं. पण चौथ्या दिवशीच्या निगेटिव्ह एनएस-वनने डेंग्यू नाकारता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री काय झालं ते क्रमाने लिहिते आहे, कारण नवीन मुलं मला नेहमी एकच विचारतात: ‘मॅडम, रात्री एकटे असताना मलेरियाची रिंग दिसली तर नेमकं आधी काय करायचं?’

काउंटरचे आकडे आधी नीट वाचा

सीबीसी निघालं. हिमोग्लोबिन 10.9, हिमॅटोक्रिट 32, तांबड्या पेशी 39 लाख, पांढऱ्या पेशी 4,200, प्लेटलेट्स 41,000. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली गेल्या की आमच्याकडे स्लाइड करावीच लागते, म्हणून मी स्लाइड काढलीच असती. पण माझं लक्ष हिमॅटोक्रिटवर अडकलं. डेंग्यूत प्लेटलेट्स इतक्या खाली येतात तेव्हा बहुधा रक्त दाट होत असतं. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि हिमॅटोक्रिट वर सरकतो. इथे पस्तीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाचा हिमॅटोक्रिट 32 होता. सलाइनने रक्त पातळ झालं असेल, आधीपासून अशक्तपणा असेल, किंवा कुणीतरी त्याच्या तांबड्या पेशी फोडत असेल. आकड्यांवरून यातलं काहीच ठरत नाही. पण स्लाइड बघताना डोळ्यांनी काय शोधायचं, ते ठरतं.

दुसरी गोष्ट लाल झाकणाच्या ट्यूबमधली. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर वरचं सीरम हळद कालवलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. फॉर्मवर फक्त प्लेटलेट्स आणि क्रिएटिनिन मागवलं होतं, बिलिरुबिन नव्हतं. मी ती ट्यूब बाजूला उभी करून ठेवली. ती पुढे कामाला आली.

स्लाइड: प्लेटलेट मोजायला बसलात तरी पेशींच्या आत बघा

पहिली स्लाइड पातळ, नेहमीच्या लीशमन स्टेनची. ती आमच्या हातात बसलेली असते. स्टेन टाकून दोन मिनिटं, मग दुप्पट बफर, आठ-दहा मिनिटं, मग धुणं. लीशमनमध्येच मिथेनॉल असतं, म्हणून पातळ स्लाइड वेगळी फिक्स करावी लागत नाही. दहाच्या लेन्सखाली आधी शेपटीकडचा भाग बघितला. प्लेटलेट्सचे घोस तिथे साचतात, आणि ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे घोस झाले असतील तर 41,000 हा आकडा खोटा असू शकतो. घोस नव्हते. आकडा खरा होता.

मग तेलाचा थेंब आणि शंभरची लेन्स. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, चढत नाहीत, तिथून सुरुवात केली. पहिल्याच फील्डमध्ये एका तांबड्या पेशीच्या आत एक बारीक निळं वेढं दिसलं आणि त्यावर एक लाल ठिपका. खड्याच्या अंगठीसारखं. वेढं म्हणजे परजीवाचं सायटोप्लाझ्म, खडा म्हणजे त्याचं केंद्रक, मध्ये मोकळी पोकळी.

इथे थांबायचं. एका रिंगवर कुणालाही फोन करायचा नाही. तांबड्या पेशीच्या वर बसलेली प्लेटलेट हुबेहूब रिंगचं सोंग घेते, आणि नवशिक्याची सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. प्लेटलेटचा रंग जांभळट आणि दाणेदार असतो, तिच्याभोवती फिकट कडा दिसते, आणि निळं वेढं व लाल ठिपका असे दोन वेगळे रंग तिच्यात सापडत नाहीत. खात्री करायची तर फाइन फोकस हळूच पुढे-मागे फिरवा. परजीवी पेशीच्या आत असतो, त्यामुळे तो पेशीच्या कडेसोबतच स्पष्ट होतो आणि तिच्यासोबतच धूसर होतो. प्लेटलेट किंवा स्टेनचा कण वर बसलेला असतो, म्हणून पेशी धूसर झाली तरी तो चमकत राहतो. स्टेनचा गाळ असेल तर तो पेशींच्या बाहेरही पसरलेला दिसतोच. पेशीतला पाण्याचा बुडबुडा फोकस हलवताच काचेसारखा लखलखतो. स्लाइड ओलसर असताना स्टेन केली की असे बुडबुडे येतात, आणि पावसाळ्यात पुण्यात स्लाइडी वाळता वाळत नाहीत.

माझी फसगत उलट्या बाजूने झाली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका लॅबमध्ये असताना, मी वीसेक फील्ड बघून ‘एमपी दिसले नाहीत’, म्हणजे मलेरियाचे परजीवी नाहीत, असं लिहून मोकळी झाले. त्या पेशंट बाईंना तिसऱ्या दिवशी दुसरीकडे दाखल केलं, तिथे व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला. आमच्या सरांनी माझीच स्लाइड पुन्हा लावली. शेपटीजवळ तीन परजीवी होते, मी तिकडे गेलेच नव्हते. रागावले नाहीत ते. मला खुर्चीवर बसवलं आणि ‘शोधा’ म्हणाले. तेव्हापासून जाड स्लाइडचे शंभर फील्ड झाल्याशिवाय मी निगेटिव्ह लिहीत नाही. आणि निगेटिव्ह लिहिलं तरी एका स्लाइडने मलेरिया नाकारता येत नाही. ताप चालू असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं तीनदा बघायचं असतं.

त्या रात्री फार शोधावं लागलं नाही. पुढच्या दोन-तीन फील्डमध्ये पंधराएक रिंग होत्या. एका पेशीत दोन. एकीत वेढ्यावर दोन ठिपके, कानाला लावायच्या हेडफोनसारखे. एक रिंग पेशीच्या कडेला अशी चिकटलेली, की जणू बाहेरून ठिगळ लावलंय. रिंगच्या पुढच्या वाढीच्या अवस्था मात्र नाहीत. मोठे, वेडेवाकडे पसरलेले ट्रोफोझॉइट एकही नाही. फुटायच्या बेतात आलेला शायझॉन्ट एकही नाही. फक्त रिंग.

फक्त रिंगच का दिसत आहेत, हे कळायला हवं

हे पाठ करून उपयोग नाही, समजून घ्या. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचा परजीवी वयात आला की ज्या तांबड्या पेशीत तो राहतो ती चिकट होते. ती मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या, आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि फिरत्या रक्तात येतच नाही. म्हणून बोटातून किंवा दंडातून काढलेल्या रक्तात फक्त कोवळ्या रिंग सापडतात. स्लाइडवर जेवढे दिसतात त्यापेक्षा शरीरात जास्त असू शकतात, ते याच कारणाने. व्हायव्हॅक्समध्ये असा लपंडाव सहसा नसतो. एकाच स्लाइडवर रिंग, पसरलेले ट्रोफोझॉइट, शायझॉन्ट असं सगळं कुटुंब भेटतं.

आकारावरूनही फरक कळतो. फाल्सिपॅरमची रिंग नाजूक, पेशीच्या व्यासाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी, आणि पेशीचा आकार नेहमीचाच. व्हायव्हॅक्सची रिंग जाड, पेशीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाणारी, आणि ती पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली. व्हायव्हॅक्सच्या पेशीत गुलाबी बारीक ठिपके असतात, शूफनरचे. पण आपला नेहमीचा बफर 6.8 पीएचचा असतो आणि त्यात ते ठिपके नीट उठत नाहीत. 7.2 च्या बफरवर उठतात. ट्यूब चार-सहा तास पडून राहिली असेल तर तेही भरवशाचं नाही, कारण ईडीटीएत परजीवी आकसतात, विचित्र दिसायला लागतात. म्हणून रक्त आल्यावर तासाभरात स्लाइड ओढायची. नंतर ओढू म्हणून ठेवलेल्या ट्यूबवर जातीचा निकाल देऊ नये.

लवकरच्या व्हायव्हॅक्समध्ये सुद्धा कधीकधी फक्त रिंग दिसतात, आणि दोन्ही जाती एकत्रही असतात. म्हणून रात्री मी एक नियम पाळते: रिंग भरपूर, बाकी अवस्था नाहीत, एका पेशीत एकाहून जास्त, असं असेल तर दुसरं सिद्ध होईपर्यंत तो फाल्सिपॅरम. संशय असताना ‘व्हायव्हॅक्स’ लिहून झोपायला जाणं ही चूक महागात पडते. उलटी चूक त्या मानाने स्वस्त.

आधी ट्यूब, मग फोन, मग बाकी सगळं

फोन उचलण्याआधी मी एकच काम केलं, आणि त्याला एक मिनिट लागलं. ट्यूबवरचं नाव, नंबर आणि स्लाइडवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर फॉर्मशी जुळवून बघितला. रॅकमध्ये शेजारी आणखी दोन तापाच्या ट्यूबा होत्या. चुकीच्या माणसाला मलेरिया सांगितला तर दोन माणसांचं नुकसान होतं, कारण खरा रुग्ण तसाच राहतो.

मग फोन. रॅपिड कार्ड लावून, जाड स्लाइड करून, टक्केवारी काढून मग सांगू, असं करायचं नाही. त्यात दीड तास जातो. रिंग आहेत ही बातमी आत्ता सांगायची, बाकीचं मागाहून. मी कॅज्युअल्टीला लावला. सिस्टरने उचलला.

‘सिस्टर, लॅबमधून बोलतेय. क्रिटिकल आहे, डॉक्टरांनाच द्या.’

आरएमओ नवीन मुलगा होता, आवाजात झोप.

‘डॉक्टर, तुमचा पस्तीस वर्षांचा तापाचा पेशंट, नंबरचे शेवटचे चार आकडे 4417. स्मिअरमध्ये मलेरियाचे रिंग फॉर्म्स आहेत. बहुतेक फाल्सिपॅरम. संख्या कमी नाही, टक्केवारी अर्ध्या तासात देते. प्लेटलेट्स 41 हजार, स्लाइडवर बघून खात्री केलीय. मी काय सांगितलं ते एकदा परत म्हणा.’

‘परत?’

‘हो, रजिस्टरमध्ये लिहायचंय.’

त्याने परत म्हटलं. ‘4417, रिंग फॉर्म्स, बहुतेक फाल्सिपॅरम.’ मग जरा थांबून, ‘आम्ही डेंग्यू समजून फ्लुइड्स जोरात चालवलीयत.’

त्यावर मी काही बोलले नाही. सलाइन किती द्यायचं, ते तंत्रज्ञाने सांगायचं नसतं. पण गंभीर मलेरियात जास्त सलाइनने फुफ्फुसांत पाणी भरू शकतं हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. मी दुसरंच विचारलं: ‘पेशंट गेल्या महिन्यात कुठे बाहेरगावी होता का, घरच्यांना विचाराल? आणि सीरम पिवळं दिसतंय. बिलिरुबिन लावू का? तुमच्या नावाने ॲड करते.’

‘लावा, लावा. शुगर मी इथे ग्लुकोमीटरवर बघतो.’

शुगर त्याने तिथेच बघितली हे उत्तम झालं. साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं की पेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. मलेरियात खरोखरच साखर घसरते, त्यामुळे खरं-खोटं कळेनासं होतं.

क्रिटिकल रजिस्टरमध्ये लिहिलं: 2:47, कुणाला सांगितलं, काय सांगितलं, परत म्हणून दाखवलं. हे रजिस्टर सकाळी कुणी बघत नाही. ज्या दिवशी बघतात, त्या दिवशी फक्त तेच बघतात.

मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना आयपीसवर मोबाइल टेकवून काढलेले तीन फोटो पाठवले, त्यात रुग्णाचं नाव येऊ न देता. मॅडमचं उत्तर आलं, ‘दिसतंय फाल्सिपॅरमच. काउंट कर. जाड कर.’ फोटोत फोकस खालीवर करता येत नाही, त्यामुळे फोटोवरून ‘आहे’ म्हणता येतं, ‘नाही’ म्हणता येत नाही. एवढं लक्षात ठेवा.

कार्ड, जाड स्लाइड आणि वाट बघणं

रॅपिड कार्ड लावलं. कार्डात दोन वेगवेगळ्या गोष्टी पकडल्या जातात. फाल्सिपॅरमसाठी एचआरपी-टू नावाचं प्रथिन, आणि व्हायव्हॅक्ससाठी परजीवाचं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. मोजलेलं पाच मायक्रोलिटर रक्त आणि किटच्या कागदावर लिहिलेले तेवढेच बफरचे थेंब टाकायचे. निकाल त्यांनी दिलेल्या वेळेतच वाचायचा. लवकर वाचलं तर रेघ उमटलेली नसते, फार उशिरा वाचलं तर नसलेली रेघ दिसायला लागते. फिकट रेघसुद्धा रेघच. आमच्या कार्डावर फाल्सिपॅरमची रेघ ठसठशीत आली, व्हायव्हॅक्सची आली नाही.

तोवर जाड स्लाइड वाळत होती. जाड स्लाइडचं लोकांना उगाच भय वाटतं. सहाएक मायक्रोलिटर रक्ताचा थेंब स्लाइडवर टाकायचा आणि दुसऱ्या स्लाइडच्या कोपऱ्याने शर्टाच्या बटणाएवढा पसरायचा. खाली कालचा पेपर ठेवा. थेंबातून छापील अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसतच नसतील तर थर फार जाड आहे, धुताना पापुद्रा निघून जाणार. पंख्याखाली सपाट ठेवून वाळवायची. घाईने गरम करायची नाही आणि मिथेनॉल तर लावायचंच नाही. तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग निघून गेला, तरच आतले परजीवी दिसतात, आणि मिथेनॉल किंवा उष्णता पेशी पक्क्या करून टाकते. एकाच काचेवर जाड आणि पातळ दोन्ही केले असतील, तर पातळ भागाला मिथेनॉल लावताना काच तिरकी धरा, नाहीतर वाफेनेही जाड थर पक्का होतो.

चाळीस मिनिटांनी एक मिलिलिटर गीम्सा आणि नऊ मिलिलिटर 7.2 चा बफर, ताजा कालवलेला, पंधरा मिनिटं. धुताना नळाची धार थेट थरावर नको. काच उभी वाळवली. जाड स्लाइडमध्ये तांबड्या पेशी नसतात, त्यामुळे रिंग उघड्या पडतात. स्वल्पविराम, उद्गारचिन्हं, पंख पसरलेल्या पाखरासारखे तुकडे. इथे जात ओळखायचा हट्ट धरू नका. जाड स्लाइड शोधण्यासाठी आहे, जास्त रक्त एका नजरेत बघायला मिळतं म्हणून. जात बघायची ती पातळवर.

मोजणी, जिच्यामुळे त्या रात्री फरक पडला

जाड स्लाइड वाळत असतानाच मी पातळवर मोजायला बसले. इतके परजीवी असतील तर पातळवरच मोजावं. जाडवर दोनशे पांढऱ्या पेशी होईपर्यंत हजारो रिंग मोजाव्या लागतील आणि डोळे दगा देतील.

पेशी एका थरात पसरलेला भाग निवडला, फील्डला साधारण दोनशे पेशी. दहा फील्ड, दोन हजार पेशी. परजीवी असलेल्या पेशी निघाल्या 62. रिंग होत्या 71, कारण काही पेशींत दोन-दोन होत्या. टक्केवारीसाठी पेशी मोजायच्या, रिंग नाही. 62 भागिले 2,000, म्हणजे 3.1 टक्के.

बहुतेक लॅब इथेच थांबतात. पण तांबड्या पेशींची मोजणी आपल्याच काउंटरने दिलेली असते, ती वापरा. एका मायक्रोलिटरमध्ये 39 लाख पेशी, त्यांतल्या 3.1 टक्के म्हणजे 1,20,900. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं: 3.1 टक्के, मायक्रोलिटरला सुमारे 1,20,900.

तेवढ्यात बिलिरुबिन आलं, 4.1. क्रिएटिनिन 1.6. हे आकडे वेगवेगळे बघितले तर कुणी दचकणार नाही. 3.1 टक्के परजीवी हे एकट्याने गंभीर मलेरियाच्या व्याख्येत बसत नाही, तिथे जागतिक आरोग्य संघटनेची रेघ दहा टक्क्यांवर आहे. 4.1 बिलिरुबिनसुद्धा एकट्याने बसत नाही. पण त्याच व्याख्येत कावीळ अशी धरली आहे: बिलिरुबिन 3 च्या वर आणि त्याच वेळी परजीवी मायक्रोलिटरला एक लाखाच्या वर. दोन्ही एकत्र. नुसते टक्के लिहून पाठवले असते आणि ते पिवळं सीरम तसंच उभं राहिलं असतं, तर ही जोडी कुणालाच दिसली नसती.

3:25 ला दुसरा फोन. आता आरएमओ पूर्ण जागा होता. त्याने आकडे लिहून घेतले आणि म्हणाला, ‘म्हणजे हे सिव्हिअरमध्ये जातं.’ मी म्हटलं, ‘ते तुम्ही ठरवा डॉक्टर, मी आकडे दिले.’ मग तोच सांगायला लागला. त्याने पेशंटच्या बायकोला विचारलं होतं. माणूस रस्त्याच्या कामावर इंजिनिअर, तीन महिने गडचिरोलीत एटापल्लीकडे, गणपतीसाठी सुट्टी काढून आठ दिवसांपूर्वी सिंहगड रोडला घरी आलेला. महाराष्ट्रात फाल्सिपॅरमचं नाव काढलं की पहिलं गडचिरोलीच आठवतं, पण फॉर्मवर पत्ता पुण्याचा होता, आणि पत्त्याला डेंग्यू शोभत होता. डास चावल्यापासून फाल्सिपॅरमचा ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. हिशोब बरोबर बसत होता.

पावणेचारच्या सुमारास आर्टेसुनेटचं पहिलं इंजेक्शन गेलं. ते मला सकाळी कळलं, रात्री मी जाड स्लाइडवर होते. जाडमध्ये नवीन काही निघालं नाही, निघायला हवं होतं असंही नाही. उपचाराआधीच्या सगळ्या स्लाइडी मी तेल पुसून वेगळ्या डबीत ठेवल्या, ट्यूब फ्रिजमध्ये. सकाळी मॅडमनी जात पक्की केली, आणि केसची नोंद महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे गेली.

दुसऱ्या दिवशीचा आकडा वाढला तर

हे सांगायचं राहू नये, कारण यावरून वॉर्डात नेहमी गोंधळ उडतो. उपचार सुरू झाल्यावर दर बारा तासांनी मोजणी होत होती. त्या दुपारी तीन वाजता दिवसपाळीच्या मुलीने मोजलं तर 3.4 टक्के. तिने घाबरून मला घरी फोन केला, ‘ताई, वाढलेत. माझं चुकलं का?’

तिचं चुकलं नव्हतं. भिंतींना चिकटून लपलेले जुने परजीवी पिकून फुटतात आणि त्यांची नवी पिल्लं रिंग होऊन रक्तात येतात. पहिल्या चोवीस तासांत आकडा तेवढाच राहणं किंवा थोडा चढणं यात औषध फसलं असं नसतं. मी तिला सांगितलं, आहे तो आकडा लिही, गोल करू नकोस, आणि डॉक्टरांना फोनवर वेळेसकट सांग. दुसऱ्या रात्री तीन वाजता मी मोजले, 0.6 टक्के.

तिसऱ्या दिवशी पातळवर सापडेनात, तेव्हा मोजणी जाडवर नेली. पद्धत अशी: दोनशे पांढऱ्या पेशी होईपर्यंत परजीवी मोजायचे. तोवर शंभर किंवा जास्त झाले तर थांबायचं, नाहीतर पांढऱ्या पेशी पाचशेपर्यंत न्यायच्या. पाचशे पांढऱ्या पेशींमागे 18 परजीवी निघाले. त्या दिवशी त्याच्या पांढऱ्या पेशी 5,000 होत्या. 18 भागिले 500, गुणिले 5,000, म्हणजे मायक्रोलिटरला 180. पांढऱ्या पेशींचा आकडा हाताशी नसेल तेव्हा 8,000 धरायची पद्धत आहे. तसं केलं असतं तर 288 आले असते, म्हणजे दीडपटीहून जास्त. आकडा हाताशी असताना 8,000 धरणं हा निव्वळ आळस आहे. आणि आज एक पद्धत, उद्या दुसरी असं केलं तर आलेख आपोआपच खालीवर नाचतो.

कुणीतरी वॉर्डातून पुन्हा रॅपिड कार्ड मागवलं होतं, ‘निगेटिव्ह झालं का बघायला’. मी लावलं नाही, फोन करून समजावलं. एचआरपी-टू परजीवी मेल्यावरही रक्तात कित्येक आठवडे राहतं, त्यामुळे बरा झालेला माणूसही कार्डावर पॉझिटिव्हच दिसतो. सुधारणा बघायची ती स्लाइडवर.

आठव्या दिवशी त्याला घरी सोडण्याआधी एक शेवटची स्लाइड आली. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती, बाहेर सगळं शांत. रिंग एकही नव्हती. पण सत्तराव्या-ऐंशीव्या फील्डमध्ये एक केळ्यासारखी वाकडी, निळसर आकृती दिसली, मध्ये तपकिरी दाणे. मग आणखी एक. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘अलैंगिक अवस्था दिसल्या नाहीत. फाल्सिपॅरमचे गॅमेटोसाइट्स दिसले, ते मोजणीत धरलेले नाहीत.’

दहा मिनिटांत वॉर्डातून सिस्टरचा फोन. ‘मॅडम, पेशंट परत पॉझिटिव्ह आलाय का? डिस्चार्ज थांबवू?’

‘नाही हो सिस्टर. या अवस्थेने ताप येत नाही. डासाने उचलली तर पुढे जाते, एवढंच. त्यावरचा प्रायमाक्विनचा डोस झालाय का, तेवढं डॉक्टरांना विचारा.’

‘थांबा, फाइल बघते,’ त्या म्हणाल्या, आणि पानं उलटल्याचा आवाज आला.